पक्षाघातानंतर चवडा जमिनीला अडकत असेल, तर बूट कसा निवडावा

प्रश्न : माझ्या वडिलांना (वय 67) आठ महिन्यांपूर्वी पक्षाघात झाला. उजवा हात अजून फारसा चालत नाही, पण काठी घेऊन ते चालतात. चालताना उजव्या पायाची बोटे जमिनीला अडकतात. डॉक्टरांनी घोटा आणि पाऊल धरून ठेवणारा प्लॅस्टिकचा एएफओ स्प्लिंट दिला आहे, पण तो जुन्या बुटात बसत नाही. म्हणून आम्ही चांगले महागाचे रनिंग शूज आणले, तर त्यात उलट जास्तच अडखळतात. घरात ते अनवाणीच असतात. आम्ही ठाण्यात नौपाड्याला राहतो. हलका आणि पायात पक्का बसणारा बूट नेमका कसा निवडायचा?

उत्तर : निरोगी माणूस चालताना पाऊल पुढे नेतो, तेव्हा त्याची बोटे जमिनीपासून जेमतेम एक-दोन सेंटिमीटर वर असतात. पक्षाघातानंतर नडगीच्या पुढच्या बाजूचा, पाऊल वर उचलणारा स्नायू दुबळा होतो आणि बऱ्याच जणांची पोटरी ताठरते. त्यामुळे चवडा खाली झुकतो, पुष्कळदा आतल्या बाजूला वळतो, आणि ते एक-दोन सेंटिमीटरचे अंतर तिथेच संपते. अशा पायाला बूट घेताना पुढच्या टोकाचा प्रत्येक मिलिमीटर मोजावा लागतो. आपण आणलेल्या रनिंग शूजचे टोक हातात धरून पाहा. खालच्या सोलचे रबर वर वळून बोटांच्या पुढे अंगठ्याच्या नखापर्यंत आले असेल, आणि त्यावर खाचाही असतील. धावणाऱ्याला ती पकड उपयोगाची असते, पण ज्याचा चवडा उचलला जात नाही त्याच्या दृष्टीने तो ब्रेक आहे. गुळगुळीत टोकाचा बूट फरशीला घासला तर पुढे सरकून जातो. रबरी टोक घासले की जागीच थांबते, वरचे शरीर मात्र पुढे गेलेले असते, आणि माणूस तोंडघशी पडतो.

नवा बूट पाहण्याआधी जुने बूट बाहेर काढून उजव्या बुटाचे टोक तपासावे. झीज अगदी मध्यावर, अंगठ्यासमोर असेल तर चवडा सरळ खाली येतो आहे. करंगळीच्या बाजूची पुढची कड खाल्ली गेली असेल तर पाऊल खाली येताना आतही वळते आहे, आणि मग बुटाला घोट्याच्या बाजूने आधार देणे हे टोकाइतकेच महत्त्वाचे ठरते. जुने बूट टाकून दिले असतील तर दुसरा उपाय आहे. सोलच्या पुढच्या चार बोटे भागावर पांढरा खडू जाड फासावा, कोरड्या फरशीवर वडिलांना नेहमीसारखे पंधरा-वीस पावले चालू द्यावे आणि खडू कुठला पुसला गेला ते पाहावे. हीच चाचणी ते थकल्यावर, म्हणजे पाच-सात मिनिटे चालून झाल्यावर, पुन्हा करावी. ताज्या पायांनी टोक न घासणारी माणसेसुद्धा थकल्यावर घासतात, आणि पडणे बहुधा तेव्हाच होते.

आता निवडीकडे येऊ. बूट आधी आणि स्प्लिंट नंतर असा विचार करू नये. स्प्लिंट पाऊल वर धरून ठेवतो आणि बूट त्या स्प्लिंटला पायाशी बांधून ठेवतो. म्हणून दुकानात जाताना स्प्लिंट, रोजचे मोजे आणि काठी बरोबर असलीच पाहिजे. आपल्याकडच्या मापात एका पूर्ण नंबराचा फरक सुमारे साडेआठ मिलिमीटर, म्हणजे अर्ध्या नंबराचा चार मिलिमीटरहून थोडा जास्त असतो. स्प्लिंटसाठी बहुतेकांना अर्धा ते एक नंबर मोठा बूट लागतो. दुकानदार सहज दोन नंबर मोठा काढून देतात, कारण त्यात स्प्लिंट पटकन जातो, पण वाढलेली सगळी लांबी पुढच्या टोकाला जमा होते आणि तेच टोक अडकते. सर्वांत लांब बोटापुढे साधारण एक सेंटिमीटर मोकळी जागा पुरते. अडचण बहुतेक वेळा लांबीची नसून रुंदीची आणि खोलीची असते. म्हणून ज्या बुटाची आतली गादी सहज निघते, तो पाहावा. ती काढली की तीन ते पाच मिलिमीटर खोली मिळते आणि स्प्लिंटचा तळ तिथे बसतो. डाव्या बुटातली गादी मात्र तशीच ठेवावी, कारण त्या पायात स्प्लिंट नसल्यामुळे मोठ्या नंबराचा बूट तिथे सैल पडतो.

बुटाचे तोंडही तपासावे. जीभ आणि पट्टे पूर्ण उघडल्यावर बूट जवळजवळ बोटांपर्यंत उघडला पाहिजे. पक्षाघातानंतर काहींची बोटे आत मुडपतात, आणि अरुंद तोंडातून पाय ढकलताना ती दुमडून आत अडकतात. स्पर्श कमी झालेला असेल तर माणसाला ते कळतही नाही. टाचेचा मागचा भाग अंगठा आणि तर्जनी यांच्यात धरून दाबावा. तो सहज चेपला तर बूट कितीही हलका असला तरी उपयोगाचा नाही, कारण आत वळणारी टाच त्याला रोखता येत नाही. बुटाचे पुढचे-मागचे टोक धरून तो वाकवावा. तो बोटांच्या मुळाशी वाकला पाहिजे, मधोमध घडी पडता कामा नये. सपाट टेबलावर ठेवला असता पुढचे टोक टेबलापासून निदान एक बोटभर उचललेले असावे. तळाला फार मऊ, जाड फोम असलेला बूट टाळावा. त्यात पाय बसल्यावर छान वाटतो, पण घोट्याखालची जमीनच हलते आहे असे होऊन दुबळी बाजू आत कलंडते.

वजनासाठी स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरेसा आहे. प्लॅस्टिकचा स्प्लिंटच साधारण दीडशे ते अडीचशे ग्रॅमचा असतो आणि तो पायाच्या शेवटच्या टोकाला लटकतो, तेव्हा त्यात बुटाची भर कमीत कमी पडावी. पुरुषांच्या आठ-नऊ नंबरात एक बूट तीनशे ग्रॅमच्या आत मिळाला तर उत्तम, साडेतीनशेच्या पुढे जाऊ नये. जुन्या पद्धतीचे चामडी ऑफिस बूट सहज याच्या वर जातात. आणखी एक गोष्ट म्हणजे जाळीचे बूट दुकानात हलके लागतात, पण आपल्याकडच्या जुलैत ते पाणी पितात आणि घरी येईपर्यंत जड होतात. पावसाळ्यात एकाच मापाचे दोन जोड असले तर एक वाळत राहतो.

हलके म्हणून अनेक घरांत रबरी क्लॉग आणले जातात. त्याविषयी स्पष्टच सांगतो: चवडा पडणाऱ्या पायासाठी ते चांगले नाहीत. टाच मागे सुटते, पाऊल उचलले की क्लॉग टाचेखाली लोंबतो, म्हणजे पाय तेवढा लांब होतो. साध्या चपलेचे तेच. चप्पल पडू नये म्हणून माणूस बोटे आवळून ती धरू पाहतो आणि त्या आवळण्याने पोटरीचा ताठरपणा वाढतो.

पट्टे कोणत्या बाजूला ओढायचे याचा विचार दुकानात सहसा कोणी करत नाही. आपल्या वडिलांना उजव्या पायाचा बूट डाव्या हाताने लावायचा आहे. बाजारातल्या बहुतेक वेल्क्रो बुटांचा पट्टा आतल्या बाजूने निघून बाहेरच्या बाजूला चिकटतो. उजव्या पायाच्या बाबतीत याचा अर्थ डावा हात शरीर ओलांडून उजवीकडे ढकलावा लागतो, आणि पट्टा घट्ट बसत नाही. ज्या बुटाला बाहेरच्या बाजूला कडी असते आणि पट्टा त्या कडीतून जाऊन परत आतल्या बाजूला चिकटतो, त्यात ओढ डावीकडे, म्हणजे चालत्या हाताकडे येते. असा बूट मिळाला नाही तर साध्या वेल्क्रोच्या बुटाला मोचीकडून कडी बसवून घेता येते. काम छोटे आहे. पट्टे किमान दोन हवेत. त्यातला वरचा, घोट्याजवळचा पट्टा सर्वांत महत्त्वाचा, कारण तोच टाच मागे आणि खाली दाबून धरतो. आधी तो लावावा, मग पुढचा.

बूट घालतानाची बसण्याची पद्धतही फरक करते. गुडघा सरळ ठेवून पाय पुढे पसरला की पोटरी ताणली जाते आणि टाच स्प्लिंटमध्ये खाली जात नाही. खुर्चीवर बसून पाऊल गुडघ्याच्या थोडे मागे आणावे, पोटरी सैल पडते, आणि टाच तळाला टेकते. पुष्कळांना स्प्लिंट आधी बुटात ठेवून, लांब दांड्याच्या शू-हॉर्नने पाय त्यात सरकवणे एका हाताने सोपे जाते. टाच मागे टेकली की नाही हे पट्टा लावण्यापूर्वी मागून डोकावून पाहावे. मध्ये फट दिसली तर पुन्हा घालावे. फट ठेवून पट्टा ओढला तर चालताना टाच वर-खाली घासून फोड येतो.

आता घरातल्या अनवाणी चालण्याविषयी. माझ्या मते आपल्या प्रश्नातला सर्वांत धोक्याचा भाग हाच आहे. स्प्लिंटचा कोन ठरलेला असतो आणि तो विशिष्ट उंचीच्या टाचेचा बूट गृहीत धरून बनवतात. समजा बुटाची टाच पुढच्या सोलपेक्षा एक सेंटिमीटर उंच आहे. त्या बुटात नडगी योग्य तेवढी पुढे झुकते. तोच स्प्लिंट बूट न घालता सपाट फरशीवर वापरला तर नडगी मागे ढकलली जाते आणि उभे राहताना गुडघा मागे झटकतो. शिवाय चकचकीत टाइल्सवर प्लॅस्टिकचा तळ घसरतो. काही घरांत यावर तोड म्हणून फक्त दुबळ्या पायात बूट घालतात आणि चांगला पाय अनवाणी ठेवतात. त्यामुळे दुबळा पाय दोन-अडीच सेंटिमीटरने लांब होतो आणि चवडा आणखी अडकतो. दोन्ही पायांत, सारख्या जाडीच्या सोलचे बूट असलेच पाहिजेत.

घरात पादत्राणे घालायला ज्येष्ठ मंडळी तयार होत नाहीत, आणि देवघर, स्वयंपाकघर यांचा प्रश्न येतोच. कधीही उंबऱ्याबाहेर न गेलेला, फक्त घरासाठी ठेवलेला वेगळा जोड बहुतेक आजी-आजोबांना चालतो. पूजेच्या वेळी देवघरासमोर खुर्ची ठेवून, बसल्यावर बूट काढावेत आणि उठण्याआधी पुन्हा घालावेत. घरातल्या जोडाची टाच बाहेरच्या जोडाइतकीच उंच हवी, नाहीतर स्प्लिंटचा कोन दोन ठिकाणी दोन तऱ्हेने वागतो. मोजायला पट्टी पुरते: टाचेच्या मध्यावर सोलची जाडी आणि चवड्याखालची जाडी घ्यावी, दोन्हींतला फरक सारखा आला पाहिजे. न्हाणीघरात बूट जात नाही; तिथे धरायला पक्का दांडा, न घसरणारी चटई आणि बसून अंघोळ हाच मार्ग आहे.

एक उदाहरण सविस्तर सांगतो, म्हणजे या गोष्टी एकमेकींशी कशा जोडलेल्या आहेत ते दिसेल. चरईत राहणाऱ्या एक निवृत्त शिक्षिका माझ्याकडे येत. त्यांची डावी बाजू दुबळी होती, पायाचा नंबर पाच. घरात क्लॉग आणि बाहेर कॅनव्हासचे बूट, तेही सात नंबरचे, कारण त्यातच स्प्लिंट जाई. काट्यावर कॅनव्हासचा एक बूट 340 ग्रॅम भरला, बोटांपुढे जवळजवळ दोन सेंटिमीटर पोकळी होती आणि टोकाला रबराची जाड पट्टी होती. खडू फासून चालवले तेव्हा करंगळीच्या बाजूची कड पहिल्या सहा-सात पावलांतच पुसली गेली. मुलगा त्यांना गोखले रोडवरच्या दुकानात घेऊन गेला. मी दोन सूचना दिल्या होत्या: पाय संध्याकाळी थोडे सुजतात म्हणून दुपारनंतर, पण गर्दी व्हायच्या आत, चारच्या सुमारास जावे, आणि दुकानातल्या गालिच्यावर नव्हे, टाइल्सवर चालून घासण्याचा आवाज ऐकावा. गालिचा आवाज गिळून टाकतो.

त्यांना सहा नंबरचा, रुंद पंजाचा, गादी निघणारा बूट मिळाला. वजन 215 ग्रॅम, टाच कडक, वेल्क्रोचे दोन पट्टे. दुबळी बाजू डावी आणि चालता हात उजवा, म्हणून कडी बाहेरच्या बाजूला बसवून ओढ उजवीकडे वळवली. घरासाठी त्याच बुटाचा दुसरा जोड घेतला. साडी नेसत असल्याने स्प्लिंटच्या वेल्क्रोला परकराची कड चिकटे. त्यावर पोटरीपर्यंतचा पातळ मोजा उलटवून घेण्याची युक्ती त्यांच्या सूनबाईंनीच काढली. एवढ्याने घरातले अडखळणे जवळजवळ थांबले. सोसायटीतली फेरी मारताना मात्र शेवटच्या टप्प्यात टोक पुन्हा घासत होते.

तेव्हा आम्ही मोचीची मदत घेतली. दुबळ्या बाजूच्या बुटाचे सोल पुढच्या तीनेक सेंटिमीटर भागात तिरके घासून टोक चार-पाच मिलिमीटर वर आणले, आणि टोकावरचे रबर काढून तिथे पातळ, गुळगुळीत चामडे चिकटवले. चवड्याखालचा भाग, जिथून पाय जमिनीला रेटा देतो, तिथले रबर मुद्दाम तसेच ठेवले. चामडे तिथवर नेले असते तर पाय मागे घसरला असता. आता टोक घासले तर सरकून जाते, अडकत नाही. चामडे झिजते आणि ओल्या पेव्हर ब्लॉकवर बुळबुळीत होते, म्हणून ते दर पंधरवड्याला पाहावे लागते आणि पावसात त्या बाहेर कमी जातात. वळताना घासणे उरलेच, कारण त्यांचा गुडघा पुरेसा वाकत नाही. ते काम बुटाचे नव्हते. त्यासाठी व्यायाम चालू ठेवले.

कोणी आपल्याला दुबळ्या पायाच्या बुटात टाचेखाली उंचवटा घालायला सांगेल, तर स्वतःहून घालू नये. पोटरी कायमची आखडलेली असून टाच टेकतच नसेल, तर स्प्लिंटखाली आधार म्हणून तज्ज्ञ तो देतात. एरवी त्याने पाय लांब होतो आणि चवडा जास्त अडकतो. याच्या उलट, चांगल्या पायाच्या बुटात पाच ते दहा मिलिमीटर उंची देऊन दुबळ्या पायाला पुढे जायला जागा करून देता येते. तीही फिजिओथेरपिस्टसमोर चालून पाहूनच ठरवावी, कारण कंबर आणि दुसरा गुडघा यांना ती मानवेलच असे नाही.

नव्या बुटात पहिल्या दिवशी अर्धा तासच चालावे, मग मोजे काढून घोट्याची बाहेरची गाठ, करंगळीचे मूळ, टाचेचा मागचा भाग आणि बोटांची टोके पाहावीत. लाल ठसा वीस-तीस मिनिटांत गेला तर हरकत नाही. तो टिकून राहिला तर तिथे दाब येतो आहे. तेवढी जागा मोकळी करून मिळेपर्यंत तो बूट घालू नये. वडिलांना मधुमेह असेल किंवा उजव्या पायाचा स्पर्श कमी असेल, तर ही तपासणी रोज, घरच्या कोणीतरी करावी. दुखत नाही असे ते म्हणाले तरी त्यावर विसंबू नये.

स्प्लिंट बसवूनही टाच बुटात वर उचललेली राहत असेल, पाऊल आत इतके वळत असेल की बाहेरची कड जमिनीला लागते, किंवा स्प्लिंट पोटरीला रुतत असेल, तर बूट बदलत बसू नये. अशा वेळी स्प्लिंटच बदलावा लागतो, पातळ लवचिक प्रकाराऐवजी घोटा पक्का धरणारा, आणि पोटरी फार ताठ असेल तर डॉक्टर ताठर स्नायू सैल करणाऱ्या बोटुलिनमच्या इंजेक्शनचाही विचार करतात. स्प्लिंट नव्याने बनवून घ्यायचा झाल्यास हाजी अलीच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्थेत ते काम होते. तिथे जाताना निवडलेला बूट बरोबर न्यावा, म्हणजे टाचेची उंची पाहून कोन ठरवता येईल. आणि अडखळणे एकाएकी, एका दिवसात वाढले, किंवा त्याबरोबर बोलणे अडखळले वा तोंड वाकडे झाले, तर तो बुटाचा प्रश्न मानू नका. 108 ला फोन करून लगेच रुग्णालय गाठा.

आणलेले रनिंग शूज फेकून देण्याआधी एवढे करून पाहा: गादी काढून स्प्लिंट त्यात बसतो का, बोटांपुढे किती जागा उरते, आणि टोकाचे रबर मोचीला घासून काढता येईल का. सोलचा फोम फार मऊ नसेल आणि मागची टाच कडक असेल, तर तोच जोड कामाला येऊ शकतो.